मुहूर्ताच्या ढिगाचा तळ

माझं पहिलं पत्रक चार पानांचं होतं आणि इंग्रजीत होतं. त्यात बारा सेवा होत्या. रुईची तपासणी, ओलावा, कचरा, रोलरची देखभाल, सरकीची साठवण, प्रमाणपत्रांचे कागद, कामगारांचं प्रशिक्षण, असं खाली खाली जात शेवटी ‘एंड-टू-एंड जिनिंग सोल्युशन्स’ लिहिलं होतं. मला ते वाक्य तेव्हा आवडलं होतं. यवतमाळच्या दुकानदारानं गुळगुळीत कागदावर पन्नास प्रती काढून दिल्या आणि विचारलं, “नवीन शाळा काढता काय?”

त्याआधी नऊ हंगाम मी आर्णीच्या बाजूच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये नोकरी केली. शेतकऱ्याचा कापूस बाजारातून किंवा थेट गाडीनं कारखान्यात येतो, आवारात त्याचे ढीग लागतात. ढिगातून तो सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे जिनच्या, रोलरवर जातो, सरकी खाली पडते, रुई पुढे जाते आणि प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधल्या जातात. प्रत्येक गाठीतून एक पेळूएवढा नमुना निघतो. तो माझ्या खोलीत येई. मी तो मशीनवर लावून तंतूची लांबी, जाडी, रंग, कचरा लिहून ठेवत असे. लॉट बांधला की शंभर गाठींचा ट्रक सूतगिरणीला जाई.

नवव्या हंगामाच्या शेवटी मालकांनी कारखाना भाड्यानं दिला. नवे लोक स्वतःची माणसं घेऊन आले. मला कुणी काढलं नाही, फक्त माझ्या खुर्चीवर दुसरा मुलगा बसलेला होता आणि तो मला नमस्कार करून उठला.

जूनमध्ये दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या कंपनीनं प्रयोगशाळेचं काम देऊ केलं. राहायला खोली, जेवणाची सोय, दिवाळीनंतर रुजू व्हायचं. उत्तर दसऱ्यापर्यंत हवं होतं. नोकरी वाईट नव्हती. पण गाठ बांधून झाल्यावर ती बिघडली आहे असं लिहून ठेवणं, एवढंच काम मी नऊ वर्षं केलं होतं, आणि तेच पुन्हा दुसऱ्या भाषेच्या गावात जाऊन करायचं होतं. मला स्वतःचं काम करून पाहायचं होतं. दसऱ्यापर्यंत एकही कारखाना मिळाला नाही तर जायचं, असं मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “मंग पत्रक काढलं ते?” मी म्हटलं, त्यासाठीच काढलं.

दिग्रसच्या एका जिनवाल्याकडे मी जुलैत गेले. माझ्या जुन्या कारखान्यातल्या फिटर चाचांनी त्यांच्याकडे शब्द टाकला होता. शेटजी पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. त्यांची एक खेप मागच्या हंगामात गिरणीनं परत केली होती, हे चाचांकडून मला ठाऊक होतं. मी तो विषय काढणार होते. पण आधी पत्रक दिलं, आणि ते चारही पानं वाचत बसले.

“हे सगळं तुमी एकट्याच करता?”

“हो.”

“मंग आमी काय करायचं? आरती?”

शेजारी बसलेले मुनीम हसले. मीही थोडं हसले.

“वाईट नका वाटून घेऊ, मॅडम,” शेटजी म्हणाले. “पण पाहा, यष्टीच्या पाटीवर यवतमाळ, पुसद, नागपूर, अमरावती, सगळंच लिहिलं तं कोण चढन त्या गाडीत? मले तुमाले बोलवाचं हाये. कायच्यासाठी बोलवू, तेच समजून नाही राह्यलं.”

चहा आला. मी तो संपवला आणि परत आलेल्या खेपेबद्दल एक शब्द न बोलता उठले. बसमध्ये बसल्यावर मला त्या खेपेबद्दल विचारायचे सहा प्रश्न सुचले.

आणखी चार ठिकाणी गेले. दोघांनी पत्रक नुसतं ठेवून घेतलं. एकानं विचारलं, वडील काय करतात. चौथ्यानं माझ्या इंग्रजीचं कौतुक केलं.

ऑगस्टमध्ये चाचांची भेट झाली. त्यांचं वर्कशॉप दिग्रसला बसस्टँडच्या मागे आहे. चाचा जिनचे रोलर घासून त्यांवर खाचा पाडून देतात. आमच्या कारखान्यात होते तेव्हा पगारी होते, पण तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून त्यांनी मोपेडवर पेटी बांधली आणि तेव्हापासून ते सात-आठ जिनांचं काम पाहतात. मी त्यांना पत्रक दाखवलं. त्यांनी काळ्या बोटांनी ते कडेला धरलं.

“बेटा, हे इंग्रजी मले येत नाही. कायचं काम करतेस ते बोल.”

मी सांगायला लागले. तिसऱ्या सेवेवर त्यांनी हात वर केला.

“मले कोणी गाठीचं इचारते काय? सरकीचं इचारते? रोलर कुरकुरला का मले फोन. बस.” त्यांनी एक चामड्याची चकती उचलून पाहिली, फेकली. “तुले कायचे फोन यायचे?”

“मला कुणाचे फोन येत नव्हते, चाचा. मी लॅबमध्ये असायची.”

“झूट. जेवाच्या सुट्टीत मी यायचो तं तू कानाले फोन लावून कोपऱ्यात उभी. मले वाटे, पोरीचं लग्न जमून राह्यलं.” ते हसले. “घरी जाय आन पाह्य. लोक कायले फोन करत होते, तेवढंच तुहं काम. बाकी रद्दी.”

माझा नंबर बदललेला नव्हता. घरी आल्यावर मी जुने मेसेज वर वर सरकवत गेले. मग माळ्यावरून नऊ डायऱ्या काढल्या. लॅबचं अधिकृत रजिस्टर कारखान्यात राहिलं होतं, पण स्वतःसाठी मी एक डायरी ठेवत असे, शाळेपासूनची सवय. तीही इंग्रजीत, आखूड शब्दांत, दुसऱ्याला कळू नये अशी. आई दार लोटून आत आली, जमिनीवरचा पसारा पाहून म्हणाली, “परीक्षा हाये काय?”

तीन आठवडे मी तेच केलं. एका मोठ्या कागदावर रकाने आखले. काय बिघडलं, कुणी विचारलं, मी काय केलं, त्यानं फरक पडला का, आणि हे काम दुसरं कुणी करतं का. प्रत्येक हंगामातल्या नोंदी एकेक करून त्यात भरल्या. भरताना मला काही वाटत नव्हतं. कापूस निवडणाऱ्या बाया जशा बसतात तशी मी बसले होते: हातात येईल ते पाहायचं, काडी, पान, केस बाजूला टाकायचे.

ओलाव्याबद्दल सगळ्यांत जास्त प्रश्न होते. पण आता प्रत्येक जिनवाल्याकडे ओलावा मोजायचं यंत्र आहे आणि ते दाखवतं ते सगळ्यांना वाचता येतं. रोलर चाचांचे होते, माझा काही संबंध नव्हता, मी फक्त त्यांचे शब्द इंग्रजीत करून पत्रकात घातले होते. प्रमाणपत्रांचे कागद यवतमाळचे दोन-तीन लोक माझ्यापेक्षा चांगले करतात. कापसातले प्लॅस्टिकचे धागे, गुटख्याच्या पुड्या, यांवर मी पुष्कळ लिहिलं होतं, पण शेवटच्या रकान्यात ‘बाया निवडतात’ असं आलं आणि ते खरं होतं. बारा सेवांपैकी नऊ अशा गेल्या. खोडताना वाईट वाटेल असं वाटलं होतं. उलट कागद हलका दिसू लागला.

चौथ्या हंगामापासून समासात एक खूण होती. एक लहान आडवी रेघ आणि तिच्याखाली ठिपका. ती काय आहे हे मला दोन दिवस आठवलं नाही. मग एका पानावर रेघेशेजारी ‘फ्लोअर’ असा शब्द सापडला आणि आठवलं.

आवारातला ढीग उपसत उपसत लोडरचा पंजा जमिनीपर्यंत पोचला की त्या दिवशीच्या गाठींचा रंग उतरलेला असे. तळाचा कापूस जास्त दिवस पडलेला, दमट, वरच्या वजनानं दबलेला, आतून गरम होऊन पिवळसर झालेला. तो ताज्या पांढऱ्या कापसात मिसळून जिनवर गेला की गाठी ठिपकेदार निघत. हे मी मशीनवर पाहत होते आणि खिडकीतून ढीगही पाहत होते, म्हणून समासात खूण करत होते. पाचव्या हंगामात मी ढिगावरच्या मुकादम बाईंना सांगितलं होतं, तळाचा वीतभर कापूस वेगळा ओढून ठेवा, तो शेवटी एकत्र काढू. त्या म्हणाल्या, “ठेवते ना बाई, तेच्यात काय.” बैठक झाली नाही, मालकांना कुणी सांगितलं नाही. पुढे प्रेसवरून आणि गोदामातून मला येणारे फोन याच गोष्टीचे होते: लॉट कसा लावू, कोणत्या तारखेच्या गाठी कोणत्या गाठींसोबत ठेवू, नवा माल कुठं टाकू. गिरणीकडून रंगाची तक्रार पुढच्या चार हंगामांत फक्त एकदा आली, आणि तीही मुकादम बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या त्या आठवड्यातली.

माझ्या नेमणुकीच्या पत्रात हे काम कुठंच नव्हतं. म्हणून पत्रकातही नव्हतं.

एका सूतगिरणीत गुणवत्ता पाहणारे एक अधिकारी माझ्याशी बरं बोलत. मी त्यांना फोन केला. फोन करण्याआधी वाक्यं लिहून काढली. मी विचारलं, जिनवाल्यांकडून कोणती चूक आली की तुमचा इलाज चालत नाही?

ते म्हणाले, “सगळा लॉट खराब असला तर आम्ही त्याचं जाडं सूत काढतो. सगळा चांगला असला तर प्रश्नच नाही. एकाच लॉटमध्ये दोन रंगाच्या गाठी आल्या की संपलं. ते आधी कळत नाही. कापड रंगवलं की पट्टे उठतात. जिनवाल्याला सांगितलं तर तो म्हणतो, गाठी तपासूनच पाठवतो. तपासून काय होणार? तोवर मिसळलेलं असतं.”

“हे आधीच अडवून देणारं कुणी असलं तर जिनवाले बोलावतील?”

“ते तुम्ही त्यांनाच विचारा ना, मॅडम. मला कशाला विचारता?”

सप्टेंबरच्या मध्यावर मी पुन्हा दिग्रसला गेले. या वेळी पत्रक नव्हतं. शेटजींना मी एवढंच म्हटलं, “परत आलेल्या खेपेचे नमुने ठेवले आहेत का? आणि प्रेसचं रजिस्टर? दोन दिवस बघायचंय. त्याचं काही नको.”

“अन् मंग?”

“मंग सांगते.”

ते मुनिमांना म्हणाले, “द्या किल्ली.”

नमुने कागदात गुंडाळलेले होते, प्रत्येकावर गाठीचा नंबर. गोदामाशेजारच्या खोलीत लांब टेबल होतं आणि उत्तरेला खिडकी. रंग पाहायला तोच उजेड लागतो. मी शंभर नमुने नंबरानं ओळीत उलगडले. यंत्राची गरज नव्हती. पांढरे, पांढरे, मग आठ-दहा पिवळसर, परत पांढरे. असे पिवळे पट्टे चार ठिकाणी होते. रजिस्टरमधून त्या गाठींच्या तारखा काढल्या. चार वेगवेगळ्या तारखा, दोन महिन्यांत पसरलेल्या; गोदामातल्या निरनिराळ्या दिवसांच्या गाठी जुळवून ती खेप बांधली होती. त्या दिवशी काय झालं होतं ते रजिस्टर सांगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुनिमांची आवक-वही मागितली. त्या चारही तारखांचं पान कोरं होतं.

“बाजार बंद होता,” मुनीम म्हणाले. “एकदा हमालाइचा संप, एकदा कायतरी सुट्टी. माल नाही आला.”

“मग जिन बंद ठेवली?”

“बंद कशी ठेवतीन, मजूर बसून राह्यते ना. होता त्यातूनच काढला.”

“कोणत्या ढिगातून?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “शेडमधल्या. मुहूर्ताच्या.”

मुहूर्ताचा ढीग मला माहीत होता. आमच्याकडेही लागायचा. हंगामाच्या पहिल्या गाडीची पूजा होते, शेतकऱ्याला शेला-नारळ देतात, भाव चढा देतात, आणि तो कापूस शेडमध्ये सगळ्यांत चांगल्या जागी, जिनच्या तोंडाशी ओततात. आमच्याकडे तो आठवड्यात संपे. इथं मुनिमांनी आवाज खाली करून सांगितलं की तो ढीग कधी पूर्ण उचलायचा नाही, शेटजींच्या वडिलांपासूनची रीत. जमीन दिसू द्यायची नाही. हंगाम संपेपर्यंत तळ तसाच ठेवायचा आणि त्यावर रोजचा नवा, उत्तम माल टाकत राहायचा. पहिल्या वेचणीचा कापूस ओला असतो. तो ऑक्टोबरपासून तिथं खाली होता, वरून दाबला जात, आणि ज्या दिवशी नवा माल आला नाही त्या दिवशी लोडरनं खोल हात घातला होता. दुसऱ्या दिवशी वर पुन्हा पांढरा कापूस पडला. लोडर नेहमीच्या उंचीवर आला आणि गोष्ट झाकली गेली. कारखान्यातला सगळ्यांत चांगला माल सगळ्यांत वाईट मालावर रचला जात होता, आणि तो मानानं रचला जात होता.

हे शेटजींना कसं सांगायचं ते मला ठरवता आलं नाही. वाक्यं लिहिली, खोडली. शेवटी मी टेबलावरचे नमुने तसेच ठेवले, प्रत्येक पिवळ्या पट्ट्याखाली तारखेची चिठ्ठी ठेवली, शेजारी आवक-वही उघडी ठेवली आणि त्यांना बोलावलं.

ते टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालले. पहिल्या पट्ट्याशी थांबून त्यांनी रुई चिमटीत ओढून पाहिली. दुसऱ्याशी थांबले नाहीत. चौथ्याशी येऊन वहीत पाहिलं.

“बाजार बंद,” ते म्हणाले.

“हो.”

“मंग हे शेडमधलं हाये.”

मुनीम दारातून नाहीसे झाले होते.

“माह्या बापानं लावलेली रीत हाये ते,” शेटजी म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. “तळ नाही उचलला आमी कधी. मंग आता काय, मुहूर्त सोडू?”

“नाही. मुहूर्ताचा ढीग राहू द्या. फक्त पहिल्या गाडीचाच. शेडच्या त्या टोकाला, जिनपासून लांब. त्याच्यावर काही टाकायचं नाही, त्यातून काही काढायचं नाही. हंगाम संपला की त्याच्या वेगळ्या गाठी. बाकीचे ढीग तारखेनं लावायचे आणि जमिनीपर्यंत संपवायचे. बाजार बंद असला की कोणत्या ढिगात हात घालायचा ते आधी ठरलेलं पाहिजे.”

एवढं सलग मी कुणाशी फार क्वचित बोलते. ते खिडकीतून शेडकडे पाहत होते.

“एका गाडीचाच,” ते म्हणाले. “तसा बापाच्या टायमाले तेवढाच असे. आवक कुठं होती तवा एवढी.” मग माझ्याकडे वळले. “बरं. दिवाळीपासून या. हप्त्यातून दोन दिवस, हंगामभर. अन् आल्याच तं रोलरचंही पाहून घ्या, आन ते सर्टिफिकेटचे कागद पडून हायेत—”

“रोलर चाचा बघतात. कागदांचं मी करत नाही.”

“पत्रकात तं लिहिलं होतं.”

“ते पत्रक मी बंद केलं.”

“मंग तुमी करता काय?”

“ढीग लावण्यापासून लॉट बांधेपर्यंत. तेवढंच.”

ते हसले, बहुतेक यष्टीची पाटी आठवून. “अन् ह्याही वर्षी खेप परत आली तं?”

“मग पुढच्या वर्षी बोलावू नका.”

“ते तं नाहीच बोलवणार,” ते म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी मी त्या कंपनीला नकार कळवला. चार ओळी लिहायला सकाळ गेली. आईनं विचारलं, एका कारखान्यावर पोट भरते काय. मी म्हटलं, नाही. उरलेली पंचेचाळीस पत्रकं अजून कपाटात आहेत, मागची बाजू कोरी असल्यामुळे मी त्यांवर नोंदी करते.

मुहूर्ताच्या दिवशी दिग्रसला आवारात मंडप होता. पहिली गाडी जवळच्या तांड्यावरच्या एका शेतकऱ्याची होती. शेला झाला, फोटो झाले. कापूस शेडच्या लांबच्या टोकाला ओतला गेला. त्याचा ढीग अगदीच लहान दिसत होता, आणि जमलेल्या लोकांत एकदोघांनी तसं म्हटलंही. मी भिंतीशी उभी होते.

शेटजी नारळ फोडायला वाकले होते, ढोलकी वाजत होती, तेवढ्यात दुसरी ट्रॉली आत आली आणि ट्रॅक्टरवाला सवयीनं मागे घेत सरळ त्याच ढिगाकडे निघाला. मी थांबा म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. शेटजींनी मान वर केली नव्हती. तेव्हा मी भिंत सोडून चालत गेले आणि त्या लहान ढिगाच्या पुढ्यात, ट्रॉलीकडे तोंड करून उभी राहिले. ट्रॉली मागे येत होती ती हातभर अंतरावर थांबली.

ट्रॅक्टरवाल्यानं मान मागे वळवली. “ओ मॅडम, काहून मधात उभ्या राह्यल्या? कुठं टाकू मंग?”

मी शेडच्या दुसऱ्या बाजूला बोट दाखवलं. तिथं सकाळीच मी चुन्यानं चौकोन आखून त्यात तारीख लिहिली होती.